गुजराती व्यापारी बोलीतले शब्द मराठीत येताना कुठे सरकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, नाशिक, पुणे, जळगाव इथे घाऊक बाजाराशी संबंध असणाऱ्या मराठी दुकानदाराला दिवसातून चार वेळा तरी गुजराती व्यापाऱ्याशी बोलावं लागतं. दोघंही मिसळून बोलतात आणि बहुतेक वेळा काही अडत नाही. अडतं ते दोन्हीकडे दिसणाऱ्या सारख्याच शब्दांवर. परका शब्द आला की माणूस थांबून विचारतो, पण ओळखीचा शब्द आला की विचारत नाही. कापडाच्या दुकानदारांचे हिशेब पाहताना मला ज्या शब्दांबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे घेतले आहेत. गुजराती शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. पहिल्या काही उत्तरांसाठी एकच खातं कल्पून घेतलं आहे: नाशिकचा एक दुकानदार आणि काळबादेवीचा एक घाऊक कापड व्यापारी. खातं उघडल्यापासून मिटेपर्यंत कोणता शब्द कुठे भेटतो, ते त्यात दिसेल.

प्रश्न: व्यापारी म्हणाला, "मी टॅक्स चुकवला आहे." त्याच्याकडून माल घ्यावा का?

घ्या. त्याने कर भरला आहे, एवढंच तो सांगतो आहे. गुजरातीत चूकववुं म्हणजे पैसे देणं, भरणं. "वेरो चूकव्यो" म्हणजे कर भरला, "बिल चूकव्युं" म्हणजे बिल दिलं, आणि चुकवणी म्हणजे पैसे अदा करणं. आपल्याकडे मात्र कर चुकवणारा माणूस कर बुडवणारा असतो. एकाच क्रियापदाचे अर्थ इतके उलटे झालेत की वाक्याच्या संदर्भातूनही कधीकधी उलगडा होत नाही.

मराठीत मूळचा अर्थ पूर्ण गेलेला नाही. "हिशेब चुकता केला", "देणं चुकतं केलं" असं आपण म्हणतोच. म्हणजे "चुकता करणे" म्हणजे भरणं आणि "चुकवणे" म्हणजे टाळणं, अशी विभागणी आपण करून ठेवली. गुजरातीने ती केली नाही.

याच शब्दाचं दुसरं रूप खातेउताऱ्यावर दिसतं. गुजराती व्यापारी हिशेब पूर्ण झाल्यावर "खातुं चूकते" असं लिहितो किंवा फोनवर सांगतो. दुकानात नवीन लागलेला मुलगा ते "खातं चुकतंय", म्हणजे हिशेबात चूक आहे, असं ऐकतो आणि पुन्हा सगळी बिलं काढून बसतो. चूकते म्हणजे काही येणं नाही, काही देणं नाही. जीएसटीच्या संदर्भात खात्री करायची असेल तर "चुकवला का?" असं विचारूच नका. "रिटर्न भरलं का, आमचं बिल त्यात दाखवलं का?" असं विचारा.

प्रश्न: खातेउताऱ्यात आमच्या नावावर "उधार 1,18,000" दिसतं. आम्ही तर बरेच पैसे दिले आहेत. मग एवढी उधारी कशी?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

मराठीत उधार म्हणजे पैसे नंतर देण्याच्या बोलीवर घेतलेला माल, आणि उधारी म्हणजे त्याची थकलेली रक्कम. "आज रोख, उद्या उधार" या पाटीतला उधार. हिशेबाच्या वहीत मात्र आपण उधार लिहीत नाही. तिथे आपल्याकडे "नावे" आणि "जमा" अशा दोन बाजू असतात. गुजराती वहीत नावेच्या जागी जो शब्द आहे तो उधार. तिथे उधार-जमा ही जोडी आहे आणि त्यातून "उधारवुं" हे क्रियापदही आहे. "तमारा खाते उधार्या छे" म्हणजे रक्कम तुमच्या नावे टाकली आहे. त्या रकमेतले किती पैसे आले आणि किती राहिले, हे त्या वाक्यात नसतं.

आता आपलं नाशिकचं खातं घ्या. दुकानदाराने दोन वेळा माल मागवला. पहिलं बिल 80,000 रुपयांचं, दुसरं 38,000 रुपयांचं. दोन्ही बिलं व्यापाऱ्याच्या वहीत उधार बाजूला गेली, बेरीज 1,18,000. दुकानदाराने पहिल्या बिलाचे पैसे दहा दिवसांच्या आत दिले, म्हणून ठरल्याप्रमाणे त्याला तीन टक्के, म्हणजे 2,400 रुपये सोडले आणि 77,600 रुपये त्याच्या खाती जमा झाले. दुसऱ्या बिलातला 6,000 रुपयांचा माल त्याने परत पाठवला. जमा बाजूला तीन रकमा झाल्या: 77,600, 2,400 आणि 6,000. एकूण 86,000. उधारमधून जमा वजा केली की 32,000 राहतात. मराठीत ज्याला आपण उधारी म्हणू ती ही 32,000 रुपयांची रक्कम. उताऱ्यात ती सहसा तळाशी "बाकी" म्हणून लिहिलेली असते.

दुकानदाराच्या स्वतःच्या वहीत हेच खातं आरशातल्यासारखं उलटं दिसेल. तिथे व्यापाऱ्याच्या खाती 1,18,000 जमा असतील आणि 86,000 नावे असतील. त्यामुळे उतारा ताडून पाहताना त्यांचं उधार आपल्या जमेशी आणि त्यांची जमा आपल्या नावेशी जुळवायची.

जुन्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्यातून थेट नक्कल आली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. देशी नामेपद्धतीत जमा डावीकडे आणि उधार किंवा नावे उजवीकडे लिहितात. कॉलेजात शिकवतात त्या पद्धतीत नावे डावीकडे असतं. म्हणून बाजू पाहून अंदाज करू नका, वर काय लिहिलं आहे ते वाचा.

प्रश्न: त्या 2,400 रुपयांपुढे "वटाव" लिहिलं आहे. बँकेने काही कापलं का?

नाही, बँकेचा इथे संबंध नाही. मराठीत चेक वटतो, हुंडी वटवतात, आणि त्यासाठी बँक किंवा सराफ जे कापून घेतो ती वटणावळ. त्यामुळे वटाव म्हटलं की आपल्याला कोणीतरी मध्ये कापलेला पैसा आठवतो. गुजराती व्यापारात वटाव म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याला सोडलेली सूट. यादीतल्या किमतीवर धंद्याच्या रिवाजाने मिळते तो वेपारी वटाव आणि लवकर पैसे दिल्याबद्दल मिळतो तो रोकड वटाव. नाशिकच्या दुकानदाराला मिळाला तो रोकड वटाव.

इथे अर्थाहून दिशा महत्त्वाची. वटणावळ आपल्या खिशातून जाते, वटाव आपल्या खिशात राहतो. आपल्या वहीत ते 2,400 खर्चात न धरता "मिळालेली सूट" म्हणून धरायचे. दुकानात बसणाऱ्याने ते बँक खर्चात टाकले तर वर्षअखेरीला नफा दोनदा चुकतो: खर्च 2,400 ने फुगतो आणि उत्पन्न 2,400 ने कमी दिसतं, म्हणजे फरक 4,800 चा.

प्रश्न: "हवालो नाखी दो" असं ते फोनवर म्हणाले. हे कायदेशीर आहे ना?

मराठी माणसाच्या कानाला हा शब्द टोचतो, आणि ते स्वाभाविक आहे. 1990 च्या दशकात गाजलेल्या जैन हवाला प्रकरणापासून आपल्या वर्तमानपत्रांत हवाला म्हणजे देशाबाहेर किंवा देशात चोरवाटेने फिरवलेला पैसा, एवढाच अर्थ उरला. "हवाला देणे" म्हणजे दाखला देणे हा दुसरा अर्थ लिखाणात आहे, पण बाजारात तो कोणी वापरत नाही.

गुजरातीत हवालो हा हिशेबाचा साधा, रोजचा शब्द आहे. एका खात्यातली रक्कम रोख न हलवता दुसऱ्या खात्यात वळवण्याची नोंद म्हणजे हवालो. गुजराती माध्यमात वाणिज्य शिकणारी मुलं "हवाला साथेना वार्षिक हिसाबो" सोडवतात. त्यात यंत्राचा घसारा, न दिलेलं भाडं, आगाऊ भरलेला विमा यांच्या नोंदी असतात. मराठी माध्यमातल्या पुस्तकात त्यांना समायोजना म्हणतात. सरकारी कचेरीत "वधारानो हवालो" म्हणजे अतिरिक्त कार्यभार. तोही इतकाच निर्मळ आहे.

आपल्या खात्यात तो असा आला. 32,000 बाकी होते. त्याच मार्केटमधल्या दुसऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून नाशिकच्या दुकानदाराला परत केलेल्या मालाचे 12,000 रुपये येणं होतं. दुकानदाराने त्याला सांगितलं, "ते पैसे मला पाठवू नका, शेजारच्या शेठना द्या." शेठ, म्हणजे आपले काळबादेवीचे व्यापारी, म्हणाले, "सारुं, हवालो नाखी दो." तिघांच्या वहीत एकेक नोंद झाली. दुकानदाराच्या वहीत दुसऱ्या व्यापाऱ्याच्या खाती 12,000 जमा झाले आणि शेठच्या खाती 12,000 नावे पडले. दुकानदाराचं देणं 20,000 वर आलं.

यात बेकायदेशीर काही नाही, पण कच्चं काम मात्र होऊ शकतं. तोंडी हवाल्यावर दुसरा व्यापारी उद्या म्हणाला की मी तर पैसे दिलेच नाहीत, तर दुकानदार दोन्हीकडून अडकतो. म्हणून तिघांचीही कबुली लेखी घ्या, मोबाइलवरच्या संदेशातली असली तरी चालेल, पण त्यात रक्कम, तारीख आणि कोणाचं खातं हे तिन्ही असू द्या. आणि मराठी कागदपत्रात, विशेषतः करविभागाला द्यायच्या खुलाशात, "हवाल्याने दिले" असं कधीही लिहू नका. "खातेबदलाने वळते केले" असं लिहा.

प्रश्न: "मांडवाळ" आणि आपली "मांडवली" एकच का?

नातं जवळचं मानतात, पण अर्थ बराच लांब गेला आहे.

गुजरातीत "मांडी वाळवुं" म्हणजे नाद सोडणं, सोडून देणं. जायचं मांडी वाळ्युं म्हणजे जायचा बेत रद्द केला. त्याच क्रियापदाचं नाम मांडवाळ. व्यापारात त्याचा अर्थ होतो येणं सोडून देणं, वहीतून कायमचं काढून टाकणं. सरकारी भाषेतही तो शब्द आहे: लहानसहान गुन्हा दंड भरून मिटवतात तेव्हा गुजरातेत त्या रकमेला मांडवाळ फी म्हणतात, आपल्याकडे तडजोड शुल्क.

मुंबईच्या मराठीत मांडवली म्हणजे कोर्टाबाहेर, बहुतेक वेळा कोणा दबदबा असलेल्या माणसाला मध्ये घालून केलेली तडजोड. गुन्हेगारीच्या बातम्यांतून हा शब्द घरोघर पोचला आणि त्याला दमदाटीचा वास चिकटला. गुजराती मांडवाळीत मध्यस्थ असलाच पाहिजे असं नाही आणि दमदाटी तर नाहीच. अनेकदा तो एकट्या व्यापाऱ्याने एकट्याने घेतलेला निर्णय असतो.

आपल्या खात्यात 20,000 राहिले होते. त्यातल्या काही ताग्यांवर डाग निघाले. दुकानदार म्हणाला, माल विकला, पण पडत्या भावात. शेठनी 17,000 घ्यायचे कबूल केले आणि म्हणाले, "बाकीना मांडी वाळ्या." आपण म्हणू, उरलेल्या तीन हजारांवर पाणी सोडलं. इथे मराठी दुकानदाराला वाटू शकतं की ते हिशेब "मांडताहेत", म्हणजे तीन हजार पुढच्या खात्यात धरणार आहेत, कारण मराठीत रक्कम मांडणं म्हणजे ती वहीत लिहिणं. अर्थ नेमका उलटा आहे. मांडी वाळ्या म्हणजे ती रक्कम आता मागायची नाही.

इथे मागाहून एक बारीकशी अडचण उभी राहते. शेठनी तीन हजार आपल्या वहीत घालखाध, म्हणजे बुडीत, किंवा वटाव म्हणून टाकले आणि खातं चूकते केलं. दुकानदाराने मात्र 17,000 दिल्याची नोंद केली आणि तीन हजारांची काहीच केली नाही. त्याच्या वहीत शेठचे 3,000 अजून जमा दिसतात. पुढच्या वर्षी उतारे जुळवायला बसलं की तीन हजारांचा फरक निघतो आणि का निघतो हे कोणालाच आठवत नाही. ज्या दिवशी मांडवाळ होईल त्याच दिवशी शेठच्या खाती ती रक्कम नावे टाकून "मिळालेली सूट" जमा करावी, आणि समोरून "खातुं चूकते" असा एक संदेश मागून ठेवावा.

प्रश्न: दुकान विकत घेताना "पाघडी" वेगळी मागितली. म्हणजे जागा पागडीची आहे का?

हा प्रश्न पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. वर तीन हजारांचा घोळ होता, इथे आयुष्याची पुंजी असते.

मुंबईच्या मराठीत पागडी म्हणजे भाडेकरूने जागेत येताना घरमालकाला किंवा आधीच्या भाडेकरूला दिलेली मोठी रक्कम, आणि त्या रीतीने घेतलेली जागा ती पागडीची जागा. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात अशी रक्कम घेणं निषिद्ध होतं, तरी व्यवहार सर्रास चालत. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 56व्या कलमाने ती घेण्याला मान्यता दिली.

गुजरातीत पाघडी म्हणजे डोक्यावरची पगडी, जागेची पागडी, आणि तिसरी गोष्ट म्हणजे धंद्याचा नावलौकिक. गुजराती वाणिज्याच्या पुस्तकात "पाघडीनुं मूल्यांकन" असं प्रकरणच असतं. मराठी पुस्तकात त्याला ख्यातीचे मूल्यांकन म्हणतात. चालू धंद्याला नियमित येणारं गिऱ्हाईक, नाव, जम बसलेला पुरवठा यांची जी किंमत, ती ख्याती म्हणजेच पाघडी.

समजा, विक्रेता गिरगावातलं भाड्याचं दुकान देताना म्हणतो: माल 6 लाख, फर्निचर 2 लाख, पाघडी 10 लाख. मराठी ग्राहकाला वाटतं, या दहा लाखांत जागेचा भाडेहक्क आपल्या नावावर होणार. विक्रेत्याच्या मनात ते दहा लाख "चालत्या दुकानाच्या नावाचे" असू शकतात. दोघंही प्रामाणिक असतात आणि हात मिळवून मोकळे होतात. मग घरमालक भाडेपावती नवीन नावावर करायला नकार देतो किंवा आपला हिस्सा मागतो. भाडेकरूला परवानगीशिवाय जागा दुसऱ्याला देता येत नाही, ही त्याच कायद्यातली तरतूद तेव्हा पुढे येते.

ओळखायचं कसं? पाघडी कशाची, एवढं एकच वाक्य विचारा: "जागेची की धंद्याची?" उत्तर "जागेची" आलं तर घरमालकाला टेबलावर बोलवा, त्याचा हिस्सा कोण देणार ते ठरवा आणि भाडेपावती नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. उत्तर "धंद्याची" आलं तर करारात "ख्याती" हा शब्द लिहा, दुकानाचं नाव वापरायचा हक्क मिळणार का आणि विक्रेता शेजारीच त्याच मालाचं दुसरं दुकान काढणार नाही ना, हे लिहून घ्या. "दोन्हीची" असं उत्तर आलं तर रक्कम फोडून लिहायला लावा. ती फोडायला तयार नसेल, तर मी तरी त्या व्यवहारात पैसे घालायला सांगणार नाही.

प्रश्न: गुजराती बातमीत "मंडळीत उचापत" असं वाचलं. भांडण झालं का?

पैसे खाल्ले गेले. गुजरातीत उचापत म्हणजे दुसऱ्याच्या पैशाचा अपहार, आणि मंडळी म्हणजे सहकारी संस्था: दूध मंडळी, सेवा सहकारी मंडळी. आपल्याकडे मंडळी म्हणजे माणसं.

मराठीत उचापत हा जुना दुकानदारी शब्द होता. वाण्याकडून खात्यावर उचललेला माल म्हणजे उचापत. आजी-आजोबांच्या पिढीत "उचापतीचं खातं" चालायचं. आता तो अर्थ जवळजवळ मावळला आणि "उचापती करणे", म्हणजे नसते उपद्व्याप करणे, एवढाच उरला. म्हणून बातमी वाचताना भांडणाचा भास होतो.

याची जोडी फार विलक्षण आहे. मराठीत पैसे खाण्याला शब्द आहे अफरातफर. गुजरातीत अफरातफरी म्हणजे गोंधळ, पळापळ. म्हणजे त्यांची उचापत ती आपली अफरातफर, आणि त्यांची अफरातफरी ती आपली धावपळ. "बजारमां अफरातफरी" असा संदेश आला तर भाव कोसळले आहेत किंवा लोक घाबरले आहेत. कोणी पैसे घेऊन पळालेलं नाही. संस्थेच्या ठरावाचं किंवा तक्रारीचं भाषांतर करताना हे दोन शब्द उलटे झाले तर निष्पाप माणसावर आरोप लागेल, म्हणून तिथे दोन्ही टाळून "अपहार" लिहिलेलं उत्तम.

प्रश्न: "खतवणी बाकी छे" म्हणजे खतावणीत बाकी आहे का?

नाही. गुजरातीत खतवणी हे काम आहे: रोजच्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यात नेऊन लिहिणं. वहीला ते खातावही म्हणतात. मराठीत खतावणी हे मुख्यतः वहीचंच नाव, कीर्द-खतावणी या जोडीतलं. "खतवणी बाकी छे" म्हणजे नोंदी अजून खात्यांत चढलेल्या नाहीत. अशा वेळी मागितलेला उतारा अपुरा असणार, तेव्हा दोन दिवस थांबून मागा.

प्रश्न: पेढी म्हटलं की सराफ किंवा सावकार आठवतो. केमिकल विकणारेही "आमची पेढी" कसं म्हणतात?

कारण गुजरातीत पेढी म्हणजे कोणतीही व्यापारी संस्था. भागीदारीतल्या फर्मला तिथे कायद्याच्या भाषेतही भागीदारी पेढी म्हणतात. आपल्याकडे शब्द पैशाच्या व्यवहारापाशी थांबला: सराफी पेढी, अडत पेढी, पतपेढी. जैन तीर्थांची व्यवस्था पाहणारा "शेठ आणंदजी कल्याणजी पेढी" हा न्यासही याच शब्दाने ओळखला जातो. तिथे ना सराफी आहे ना सावकारी.

शिवाय गुजरातीत पेढी म्हणजे पिढीसुद्धा. "त्रण पेढीनी पेढी" म्हणजे तीन पिढ्यांची फर्म. मराठी जाहिरातीत ते "तीन पेढ्यांची पेढी" असं छापलं गेलं तर वाचणाऱ्याला तीन शाखा वाटतील.

प्रश्न: जांगडचा माल घरी नेला तर तो आपला झाला का?

मराठीत जांगड म्हणजे पसंतीवर नेलेला माल: चार शालू घरी न्या, आवडेल तो ठेवा, बाकीचे परत करा. हिऱ्यांच्या बाजारात जांगड हा शब्द त्या चिठ्ठीलाच लावतात, आणि ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला न देता दलालाला किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेली असते. तो माल फक्त दाखवायला नेतो. चिठ्ठीवर सहसा लिहिलेलं असतं की ही विक्री नाही, मालकी आमची, मागितल्याबरोबर परत करायचा.

1930 च्या माल विक्री कायद्याचं 24वं कलम पसंतीवर नेलेल्या मालाला लागू होतं. नेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा काही न कळवता ठरलेल्या मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो त्याचा झाला असं धरतात आणि पैसे द्यावे लागतात. म्हणून दुकानातून शालू नेताना परतीची तारीख लिहून घ्या. हिऱ्यांच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी मात्र तिच्यावरचा मजकूर पूर्ण वाचा. मालक परवानगी देत नाही तोवर तो माल तिसऱ्याला विकता येत नाही, आणि विकला तर प्रकरण विश्वासघाताच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं.

प्रश्न: दिवाळीत कामगारांनी "बोणी" मागितली. दिवाळीत पहिली विक्री कामगार कशी मागतील?

मराठीत दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी, काही ठिकाणी बोहनी. गुजरातीत त्याला बोणी म्हणतात, आणि दिवाळीत नोकराचाकरांना, टपालवाल्याला हातावर ठेवतात त्या पैशांनाही बोणीच म्हणतात. आपली दिवाळीची पोस्त ती हीच.

प्रश्न: नावाने हाक मारताना "भाई" की "शेठ"?

गुजराती माणसाला नावापुढे भाई लावून बोलणं हा साधा, नेहमीचा आदर आहे, वय काहीही असो. मुंबईच्या मराठीत भाई शब्दाला दुसरी छटा आहे म्हणून संकोच करायचं कारण नाही. शेठ मात्र जपून. आपण कोणत्याही व्यापाऱ्याला शेठ म्हणतो, गुजरातीत शेठ म्हणजे मालक, ज्याच्याकडे आपण नोकरी करतो तो. दुकानात हिशेब लिहीत बसलेल्या मेहताजींना शेठ म्हटलंत तर ते चटकन सांगतील, "शेठ आत आहेत."

प्रश्न: "काले पेमेंट" असा संदेश आला, पण बँकेत काहीच आलेलं नाही. आता काय करू?

आजचा दिवस वाट पाहा. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत काले म्हणजे कालही आणि उद्याही. गुजराती माणूस क्रियापदावरून ओळखतो: "काले पेमेंट थयुं" म्हणजे काल झालं, "काले पेमेंट थशे" म्हणजे उद्या होईल. मोबाइलवरच्या तुटक संदेशात क्रियापदच गळलेलं असतं, आणि बोलणारा मराठीत बोलायचा प्रयत्न करत असेल तर "काल पेमेंट" असंही म्हणून जातो. आपल्या "परवा"चीही तीच गत आहे, तो मागचाही असतो आणि पुढचाही. उलट संदेश पाठवून तारीख विचारा. ती आकड्यात आली की मग बँकेत शोधा, आणि पैसे गेले आहेत असं ते म्हणत असतील तर व्यवहार क्रमांक मागून घ्या.